कुणाला काय, कधी आणि कशातून

या पुस्तकाचा विषय एक कागद आहे. एखाद्या प्रकल्पाची माणसं वेगवेगळ्या शहरांत बसून काम करत असतील, तर कुणाला कोणती माहिती जावी, किती वेळा जावी आणि कोणत्या वाटेनं जावी, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. कंपन्यांमध्ये त्याला कम्युनिकेशन प्लॅन म्हणतात. मी बहुतेक ठिकाणी नुसतं आराखडा म्हटलं आहे. प्रकल्प सुरू होताना तो तयार होतो, पहिल्या बैठकीत पडद्यावर दिसतो, मग फाइलला लागतो आणि ऑडिटरनं मागितला की पुन्हा बाहेर येतो. त्यात सहसा एक तक्ता असतो. दर सोमवारी आढावा बैठक, दर शुक्रवारी अहवाल, महिन्यातून एकदा ग्राहकापुढे सादरीकरण. वेळापत्रक म्हणून त्यात काही वावगं नाही. मात्र ती माहिती हातात पडल्यावर समोरचा माणूस काय वेगळं करणार आहे, हे त्यावरून कळत नाही. माझ्या मते आराखड्याची सुरुवात तिथून व्हायला हवी. हे सगळं पुस्तक त्या एका आग्रहापोटी लिहिलं आहे.

एका छताखाली काम चालतं तेव्हा आराखडा कच्चा असला तरी निभावून जातं. ड्रॉइंग बदललं की डिझायनर उठून शॉपमध्ये जातो. सुपरवायझरच्या चेहऱ्यावरून कळतं की त्याला समजलं की नाही. अंतर वाढलं की हे किती झपाट्यानं आटतं, याचा अभ्यास एमआयटीतल्या थॉमस ॲलन यांनी केला आणि 1977 साली पुस्तकरूपानं मांडला. संशोधन आणि विकास विभागांतल्या अभियंत्यांच्या टेबलांमधलं अंतर आणि त्यांचं आपसांतलं कामाचं बोलणं त्यांनी ताडून पाहिलं. पहिल्या तीस मीटरांच्या आतच बोलण्याची शक्यता घसरते आणि पन्नासएक मीटरनंतर ती जवळपास तळाला जाऊन स्थिरावते. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा माणूस आणि दुसऱ्या शहरातला माणूस यांत आपल्याला वाटतो तेवढा फरक नाही. ॲलन यांना आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक विभागात एखाददुसरा माणूस असा असतो की बाहेरचं ज्ञान त्याच्याकडून आत येतं. तो जास्त वाचतो, बाहेरच्यांशी जास्त बोलतो आणि बाकीचे त्याला विचारायला येतात. संघटनेच्या तक्त्यात त्याचं पद मोठं असेलच असं नाही. आराखडा करणाऱ्यानं ही माणसं आधी ओळखावीत, नाहीतर कागदावर माहिती एका वाटेनं जाते आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच.

या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत मोलाचा वाद वेगळा आहे: सगळ्यांना सगळं कळावं, की ज्याला जेवढं लागतं तेवढंच? आयबीएमच्या ओएस/360 या प्रचंड सॉफ्टवेअर प्रकल्पाचं नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 सालच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये पहिली बाजू मांडली. माणसं वाढली की जोड्या किती वेगानं वाढतात हे त्यांनीच दाखवलं. पाच जणांत दहा जोड्या होतात, चौदा जणांत एक्क्याण्णव. तरीही प्रत्येक प्रोग्रॅमरला प्रकल्पाचं सगळं साहित्य दिसायला हवं, असं त्यांचं मत होतं. त्यासाठी प्रत्येकाच्या खोलीत एक कार्यपुस्तिका ठेवली होती आणि बदललेली पानं तिच्यात लावली जात. सहा महिन्यांत तिची जाडी पाच फुटांवर गेली आणि रोजच्या बदलांचा गठ्ठाच दीडशे पानांच्या घरात पोचला. मग ते सारं मायक्रोफिशवर न्यावं लागलं.

दुसरी बाजू डेव्हिड पार्नास यांची. 1972 साली त्यांनी सांगितलं की कामाचे भाग असे पाडावेत की एका भागाच्या आतला तपशील दुसऱ्याला कळण्याची गरजच पडू नये; दोन भाग जिथे भेटतात तेवढी शीव मात्र काटेकोर लिहावी. ब्रुक्स यांना हे मत सुरुवातीला मुळीच पटलं नव्हतं. वीस वर्षांनी, 1995 च्या आवृत्तीत, त्यांनी उघडपणे लिहिलं की पार्नास बरोबर होते आणि आपण चुकलो होतो. अनेक शहरांतल्या टीमसाठी आराखडा करायला बसलेल्यानं हा वाद डोक्यात पक्का ठेवावा, कारण प्रत्येक ईमेलच्या ‘सीसी’च्या रकान्यात तो रोज नव्यानं घडत असतो. मी पार्नास यांच्या बाजूचा आहे. मात्र एक अट आहे. शीव काटेकोर लिहिली एवढ्यावर भागत नाही. तिच्यावरून पलीकडे गेलेली वस्तू लिहिल्याप्रमाणेच आहे ना, हे पलीकडच्या माणसानं तपासायला हवं.

वाहिन्यांची निवड हा अभ्यासाचा तिसरा धागा. रिचर्ड डाफ्ट आणि रॉबर्ट लेंगल यांनी 1986 साली मांडलं की अर्थ संदिग्ध असेल तर समोरासमोर किंवा निदान आवाजानं बोलावं आणि अर्थ स्पष्ट असेल तर लेखी निरोप पुरतो. मांडणी साधी आहे, पण बैठकीत आकडे वाचून दाखवणाऱ्या आणि भांडण ईमेलवर सोडवू पाहणाऱ्या टीम अजून जागोजागी आहेत. प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाण-ग्रंथांनी या सगळ्याला कार्यालयीन शिस्त दिली. अमेरिकेतल्या पीएमआयच्या पीएमबॉक या ग्रंथात माहितीच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: दोघांनी एकाच वेळी बोलणं, आपण पाठवणं, आणि एका जागी ठेवून ज्याला हवं त्यानं येऊन घेणं. ब्रिटनमधून आलेल्या प्रिन्स2 पद्धतीनं त्यात एक फार कामाची गोष्ट घातली. वेळ आणि खर्च यांची मर्यादा आधी ठरवायची. काम त्या मर्यादेत असेल तोवर वरच्यांना थोडक्यात अहवाल, आणि मर्यादा ओलांडली जाईल असं दिसताच, पुढच्या तारखेची वाट न पाहता, अपवादाचा अहवाल. किती वेळा कळवायचं, याचं उत्तर इथे कॅलेंडरच्या बाहेर गेलं.

इथवरचा नकाशा वाचून नवख्या वाचकाला वाटेल की योग्य पद्धत निवडली की झालं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे दाखवणारी सार्वजनिक नोंदीतली घटना मंगळाच्या मोहिमेची आहे. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नासानं 11 डिसेंबर 1998 रोजी सोडलं. मोहिमेची माणसं मुख्यतः दोन ठिकाणी होती. यान बांधणारी आणि त्याची देखरेख करणारी लॉकहीड मार्टिनची टीम कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ. मार्ग मोजणारी टीम कॅलिफोर्नियात, पॅसाडीनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत. यानाचं सौर पंख एकाच बाजूला होतं. सूर्यप्रकाशाच्या दाबानं यान हळूहळू वळू पाही. आतली फिरती चाकं तो जोर सोसत, आणि चाकं फार जोरात फिरू लागली की छोटे थ्रस्टर चालवून त्यांचा जोर उतरवावा लागे. दर वेळी यानाला इवलासा धक्का बसे. तो धक्का किती होता, याची फाइल डेन्व्हरहून पॅसाडीनाला जायची आणि मार्गाच्या गणितात धरली जायची.

दोन शहरांमधली शीव लिहिलेली होती. फाइलमधला आकडा न्यूटन-सेकंदात असावा, असं दस्तऐवजात स्पष्ट होतं. डेन्व्हरच्या सॉफ्टवेअरमधून तो पौंड-सेकंदात बाहेर पडत होता. दोहोंमध्ये 4.45 पटीचा फरक आहे. एवढी गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते आणि ती एककांच्या गोंधळाची म्हणून सांगितली जाते. आपल्या विषयाचा गाभा तिच्या पुढे आहे.

पहिले चार महिने त्या फाइलींचा उपयोगच होत नव्हता, कारण त्यांच्या मांडणीत चुका होत्या. तेवढ्या काळात डेन्व्हरहून ईमेल यायची की आत्ता थ्रस्टर चालवले, आणि त्या वेळेवरून पॅसाडीनाची माणसं धक्क्याचा अंदाज स्वतःच बांधायची. एप्रिल 1999 मध्ये फाइली दुरुस्त होऊन आल्या आणि आठवड्याच्या आत लक्षात आलं की त्यातले आकडे धक्का कमी दाखवताहेत. म्हणजे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं होतं, आणि तेही यान मंगळाशी पोचण्याच्या पाच महिने आधी. त्यांनी विचारणाही केली, पण ईमेलवर. अशा विसंगतींसाठी संस्थेची औपचारिक नोंद-पद्धत होती. त्या नोंदीत शिरलेली गोष्ट कुणीतरी उत्तर देऊन बंद करेपर्यंत उघडी राहते. ही शंका तिच्यात रीतसर गेली नाही. ईमेलला उत्तर आलं नाही तर ती खाली सरकते, एवढंच होतं. चौकशी मंडळानं नोव्हेंबर 1999 मधल्या अहवालात हे नोंदवलं आहे, आणि आणखी एक गोष्टही: मार्ग मोजणारी टीम या यानाच्या घडणीशी पुरेशी परिचित नव्हती. एका बाजूच्या पंखामुळे थ्रस्टर अपेक्षेपेक्षा दहा ते चौदा पट जास्त वेळा चालत होते. यानाची बांधणी ज्यांनी जवळून पाहिली होती त्यांना यातला धोका लवकर जाणवला असता. 23 सप्टेंबर 1999 ला यान मंगळामागे गेलं. पृष्ठभागापासून 226 किलोमीटरांवरून जाण्याचा बेत होता, 80 किलोमीटरांपर्यंत ते तगलं असतं, आणि नंतरच्या गणितानुसार ते 57 वर होतं.

या घटनेत ‘कुणाला’ हे बरोबर होतं, ‘काय’ हेही लिहिलेलं होतं. वाहिनी चुकली. नुसतं कळवायचं असेल तर ईमेल पुरते. पण उत्तर मिळाल्याखेरीज पुढे जाताच येऊ नये अशी गोष्ट ईमेलवर सोडली की ती निसटते. या पुस्तकात मी माहितीचे जे मूळ भेद केले आहेत त्यातला पहिला हाच आहे. एक, जी पोचली की संपली. दुसरी, जी उत्तर मिळेपर्यंत उघडी राहते. एका ओळीत या दोन्ही कोंबल्या की आराखडा बिघडतो.

मंगळावरून आता आपल्याकडे येऊ. पुस्तकात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच उदाहरण चालवलं आहे. कंपनी काल्पनिक आहे, पण कामाची रीत आपल्या उद्योगातली रोजची आहे. पाणीपुरवठा योजनेसाठी सहा मोठे पंप बनवायचे आहेत. डिझाइन पुण्यात, ओतकाम कोल्हापूरच्या फाउंड्रीत, मशिनिंग आणि जुळणी नाशिकला, आणि साइट नागपूरजवळ. टीम चौदा जणांची: पहिल्या तीन शहरांत चार-चार आणि साइटवर दोघं. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं तर एक्क्याण्णव जोड्या. प्रत्येक शहरातून एकच माणूस बाहेर बोलेल असं ठरवलं तर शहरांतल्या एकोणीस आणि शहरांमधल्या सहा, अशा पंचवीस उरतात. हा आकडा पाहून व्यवस्थापक खूश होतात. पण तो एक माणूस रजेवर गेला की शहर मुकं होतं, म्हणून त्याच्या शेजारी दुसरं नाव हवंच.

आता वार पाहा. आपल्याकडे विजेच्या सोयीसाठी औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी असतात. आपल्या उदाहरणात पुण्याचं डिझाइन ऑफिस रविवारी बंद, कोल्हापूरची फाउंड्री सोमवारी, नाशिकचं शॉप शनिवारी. साप्ताहिक बैठक सोमवारी ठेवली तर फाउंड्री कधीच येणार नाही, किंवा सुट्टीच्या दिवशी घरून फोनवर येईल आणि हातात ड्रॉइंग नसताना हो म्हणेल. त्याहून गंभीर बाब रविवारची. त्या दिवशी कोल्हापुरात भट्टी पेटलेली असते आणि पुण्यात शंकेला उत्तर द्यायला कुणी नसतं. मी पाहिलेल्या आराखड्यांत हा रविवार बहुधा कोराच असतो.

एका शुक्रवारी नागपूरच्या साइट इंजिनिअरच्या लक्षात येतं की आधीपासून टाकलेल्या पाइपचा फ्लँज वेगळ्या प्रमाणाचा आहे. पंपाच्या केसिंगवरच्या फ्लँजचा बाहेरचा व्यास 30 मिलिमीटरनं वाढवावा लागणार. पावणेपाचला तो टेप लावून फोटो काढतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. पुण्याची डिझायनर तो पाहते, शनिवारी दुपारपर्यंत ड्रॉइंगचं ‘सी’ रिव्हिजन करते, सामायिक फोल्डरमध्ये ठेवते आणि ग्रुपवर लिहिते: रेव्ह सी टाकलंय. कोल्हापुरातला पॅटर्नचा इनचार्ज ते वाचतो आणि निळ्या खुणा उमटतात. पण मोल्डिंग करणारा रात्रपाळीचा सुपरवायझर ग्रुपवर नाही. त्याच्यापुढे भिंतीवर चिकटवलेली ‘बी’ रिव्हिजनची प्रिंट आहे. शनिवारी रात्री आणि रविवारी मिळून चार केसिंग ओतली जातात. सोमवारी सुट्टी. बुधवारी माल नाशिकला उतरतो, तिथे मोजल्यावर व्यास कमी भरतो. मग फोन सुरू होतात आणि प्रत्येक शहरातून तेच वाक्य ऐकू येतं: आम्ही तर ग्रुपवर टाकलं होतं. ते खरंही असतं. कुणीही काही लपवलेलं नाही.

हे दुरुस्त करायला बैठका वाढवून उपयोग नाही. आधी ही माहिती जसजशी उशिरा पोचते तसतसं परत फिरणं किती महाग होतं, ते पाहायचं. मोल्डिंग सुरू होण्याआधी कळलं तर पॅटर्न बदलण्यात फक्त सुताराचा वेळ जातो. मोल्ड तयार झाल्यावर कळलं तर तो फोडायचा, वाळू परत वापरता येते. धातू ओतल्यावर कळलं तर केसिंग पुन्हा भट्टीत. वीज, मजुरी आणि दोन दिवस गेले. फेटलिंग आणि मशिनिंग होऊन गेल्यावर कळलं तर त्यावर झालेली सगळी मेहनत गेली, आणि पंप पाइपला जोडतानाच कळलं तर योजनेची तारीखही गेली. यांतला सर्वांत मोठा टप्पा ओतण्याचा. म्हणून या माहितीची मुदत पुढच्या ओतण्यापर्यंतची, म्हणजे तासांची आहे. आठवड्याच्या अहवालाशी तिचा संबंधच नाही. किती वेळा कळवायचं हा प्रश्न मी सगळ्या पुस्तकात असाच सोडवला आहे: उशिरा आल्यास परत फिरायला किती वेळ उरतो, त्याच्या निम्म्याच्या आत माहिती पोचली पाहिजे. याच हिशेबानं काही गोष्टी महिन्यातून एकदा कळवल्या तरी पुरतात, आणि त्या रोज पाठवणं म्हणजे तासांची मुदत असलेली माहिती त्यांच्याखाली गाडणं.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची आहे. शुक्रवारी पावणेपाचला नवीन ड्रॉइंग तयार नव्हतं. पण केसिंग ओतणं थांबवायला ड्रॉइंगची गरजच नव्हती. म्हणून ‘थांबा’ आणि ‘असं करा’ या दोन वेगळ्या ओळी हव्यात. फ्रेंच खाणउद्योगातले व्यवस्थापक आंरी फायोल यांनी 1916 साली सुचवलं होतं की तातडीच्या वेळी दोन विभागांतल्या समान पातळीवरच्या माणसांनी वरपर्यंत न जाता थेट बोलावं, फक्त वरिष्ठांना ते माहीत असावं आणि मान्य असावं. आपल्या आराखड्यात ‘थांबा’ हा निरोप त्या वाटेनं जातो. नागपूरचा इंजिनिअर थेट फाउंड्रीच्या शिफ्ट सुपरवायझरला फोन करतो. तो त्या केसिंगचे मोल्ड बाजूला ठेवतो आणि पाटीवर लिहितो. पुण्याला त्याच दिवशी कळवलं जातं. ‘असं करा’ मात्र फक्त पुण्याहून निघतं, कारण फ्लँजचा व्यास वाढल्यानं बोल्टची भोकं, भिंतीची जाडी आणि वजन यांचा हिशेब तिथेच होऊ शकतो. थांबवण्याचा अधिकार अनेकांना आणि बदलण्याचा एकालाच, असा हा भेद आहे. तो लिहून ठेवला नाही तर साइटवरचा भला माणूस परस्पर फाउंड्रीला माप सांगून मोकळा होतो.

‘असं करा’ची ओळ मग अशी दिसते. नवं ड्रॉइंग एकाच फोल्डरमध्ये जातं आणि जुनं तिथून हलवलं जातं. पुण्याची डिझायनर फाउंड्रीतल्या नेमलेल्या एका माणसाला फोन करते. तो उलट निरोपात तीन गोष्टी लिहितो: कोणतं रिव्हिजन मिळालं, जुन्या किती प्रिंट भिंतीवरून काढल्या, आणि कोणत्या क्रमांकाच्या केसिंगपासून नवं माप लागू. हा निरोप येत नाही तोवर ‘थांबा’ उठत नाही. निळ्या खुणांवर विसंबायचं नाही, कारण त्या स्क्रीन उघडल्याचं सांगतात. व्हॉट्सॲपला माझा विरोध नाही. थांबा म्हणायला ते उत्तम आहे. पण ड्रॉइंगचा फोटो त्यावर फिरू लागला की घात ठरलेला. फोटो काढणारा माणूस हव्या त्या मापावर कॅमेरा धरतो, आणि कोपऱ्यातली रिव्हिजनची चौकट नेमकी बाहेर राहते.

बाकीच्या ओळी थोडक्यात सांगतो. रोज सकाळी फाउंड्रीकडून नाशिकला दोनच आकडे: काल चांगली केसिंग किती, बाद किती. बुधवारी अर्ध्या तासाची बैठक, आणि तिथे फक्त दोन शहरांनी मिळून ठरवायच्या बाबी. आकडे आधीच पोचलेले असतात. कोणत्याही टप्प्याला तीन दिवसांहून जास्त उशीर दिसला की त्याच दिवशी अपवादाचा निरोप. पंधरवड्यातून एकदा ग्राहकाला पत्र, आणि ते एकाच माणसाच्या सहीनं. रविवारी फाउंड्रीला शंका आली तर पुण्यातला कोण फोन उचलेल, त्याचं नाव. सहा पंपांच्या कामाला एवढा आराखडा पुरतो.

आराखडा नीट चालत नाही हे कशावरून ओळखायचं, यावर पुस्तकात बराच मजकूर आहे, कारण बिघाड सहसा शांततेत होतो. एकच प्रश्न दोन शहरांतून वेगवेगळ्या दिवशी विचारला जातो. बैठकीत वाईट बातमी पहिल्यांदाच ऐकू येते, किंवा उलट, बैठकीत जे सांगितलं जातं ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. कुणाच्या तरी वैयक्तिक ओळखीवर काम सुटतं आणि तो माणूस बदली होऊन गेला की अडतं. आराखड्यावरची तारीख टीममधल्या शेवटच्या बदलापेक्षा जुनी असते. सर्वांत पक्की परीक्षा मात्र माग काढण्याची आहे. घडून गेलेला एक बदल घ्यायचा आणि तो पहिल्यांदा कुणाला दिसला तिथपासून यंत्राला हात लावणाऱ्या माणसापर्यंत कोणत्या वेळी, कोणत्या वाटेनं पोचला हे तासांनिशी लिहायचं. दोन-तीन बदलांचा असा माग काढला की कोणती ओळ नुसती कागदावर आहे ते दिसतं.

हा विषय आज नव्यानं हाती घेण्याचं कारण वाहिन्यांची गर्दी आहे. ब्रुक्स यांच्या वेळी वाढती जाडी निदान फुटपट्टीनं मोजता येत होती. 2020 च्या टाळेबंदीनंतर आपल्याकडच्या मध्यम कंपन्यांतही व्हिडिओ बैठका, चॅट, सामायिक फोल्डर, ईमेल आणि फोन हे सारं एकाच वेळी आलं. जुनं काही गेलं नाही. एकच निर्णय पाच ठिकाणी पाच रूपांत पडलेला असतो आणि त्यातला शेवटचा कोणता ते कुणालाच सांगता येत नाही. त्यातच शॉपमधला कामगार बरेचदा ओडिशा किंवा बिहारहून आलेला, सुपरवायझर मराठी, ड्रॉइंगवरच्या टिपा इंग्रजीत. ‘थांबा’चा निरोप तीन भाषांतून जातो, आणि म्हणून उलट निरोपात काय केलं ते लिहून घेणं इथे जास्तच गरजेचं ठरतं.

पुस्तकाच्या मर्यादा सांगायला हव्यात. परदेशी टीम आणि घड्याळांमधला मोठा फरक इथे घेतलेला नाही; भारतात घड्याळ एकच असल्यानं आपला प्रश्न वेळेपेक्षा वारांचा आणि पाळ्यांचा आहे. प्रसारमाध्यमांशी बोलणं, जाहिरात, आपत्तीच्या वेळचं जनसंपर्काचं काम, हे वेगळे विषय आहेत. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं याचीही चर्चा नाही. आणि आराखड्यानं जे होत नाही तेही मान्य केलं आहे: वाईट बातमी सांगणाऱ्यावर ज्या ऑफिसात आवाज चढतो, तिथे अपवादाची ओळ कितीही नीट लिहिली तरी तिच्यावरून काही येत नाही. त्या बाबतीत व्यवस्थापकानं काय करावं यावर एक प्रकरण आहे, पण ते आराखड्याच्या बाहेरचं म्हणूनच वाचावं.

ओळी घालण्यापेक्षा काढणं अवघड जातं, त्यासाठीही एक रीत सुचवली आहे. तीन महिन्यांनी प्रत्येक नियमित अहवालाबद्दल तो मिळणाऱ्याला विचारायचं, गेल्या तिमाहीत यातलं काय वाचून तुम्ही काही वेगळं केलंत? उत्तर मिळालं नाही तर तो अहवाल, आधी सांगून, एक महिना थांबवायचा. कुणी मागितला तर मागणाऱ्याकडून कारण लिहून घेऊन पुन्हा सुरू करायचा, आणि वारंवारिता त्या कारणाप्रमाणे नव्यानं ठरवायची.

पहिल्या प्रकरणात कोरा तक्ता दिलेला नाही, तो चौथ्यात येतो. त्याआधी वाचकानं आपल्या चालू प्रकल्पातल्या गेल्या तीन महिन्यांतल्या तीन-चार चुका अशा निवडाव्यात की ज्यांत माहिती कुणाकडे तरी होती पण वेळेत पोचली नाही. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: माहिती प्रथम कुणाला कळली, चूक करणाऱ्या हातापर्यंत ती कधी पोचली, आणि मधल्या काळात ती कशात अडकून होती. पहिल्या तीन प्रकरणांतलं काम त्या कागदावरच करायचं आहे.